दुभाष्याच्या टेबलावरचा कागद

चहाच्या टेबलावर दोन वह्या उघड्या पडल्या होत्या. जूनचा शेवट होता. सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. रत्नागिरीच्या बाजूला आंबा बागायतदारांची परिषद भरली होती, मी ऐकायला गेले होते. सकाळच्या सत्रात बाहेरून आलेले एक शास्त्रज्ञ इंग्रजीत बोलून गेले होते आणि आमच्या कानाला लावलेल्या यंत्रातून मराठी ऐकू येत होतं. टेबलाशी पावसकडचे एक काका आणि राजापूरकडचा एक तरुण बागायतदार आपापली टिपणं ताडून बघत होते. तरुणाच्या वहीत होतं, 'व्यास मीटरला ३ मिली'. काकांच्या वहीत, सुरेख वळणदार अक्षरात, 'घेर मीटरला ३ मिली'. तरुणानं पडद्यावरचं इंग्रजी वाचून लिहिलं होतं, काकांनी कानातून आलेलं. दोघांनाही आपण एकच गोष्ट लिहिली आहे असं वाटत होतं. मी त्या दोन ओळींकडे बघत राहिले आणि चहा निवून गेला.

ज्यांची बाग आहे त्यांना यातला धोका सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगते. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल देतात. आपल्याकडे त्याला सगळे कल्टारच म्हणतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसानं जरा उघडीप दिली की, बुंध्याभोवती छोटे खड्डे मारून ते पाण्यातून मातीत घालायचं. किती घालायचं ते झाडाच्या विस्तारावर ठरतं. फांद्यांचा पसारा एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत जितके मीटर, तितक्या मीटरला प्रत्येकी ३ मिली. समजा झाड पूर्व-पश्चिम ८ मीटर आणि दक्षिण-उत्तर ६ मीटर पसरलं आहे. सरासरी ७ मीटर झाली, म्हणून २१ मिली. आता त्याच झाडाचा घेर धरला, म्हणजे पसाऱ्याभोवती गोल फिरून मोजलं, तर तो साधारण २२ मीटर भरतो आणि मात्रा होते ६६ मिली. तिप्पट. औषध जास्त झालं की पुढची पालवी आखूड, गाठाळ येते, मोहोराचे तुरे दाटून जातात, आणि ते मातीत मुरलेलं असल्यामुळे परत काढून घेता येत नाही.

काकांची वही तिथेच दुरुस्त झाली. पण सभागृहात कानाला यंत्र लावलेले कितीतरी जण होते आणि त्यांच्या वह्या चहाच्या टेबलावर आल्या नव्हत्या.

दुभाषी कुशल होता. वाक्यं बांधेसूद, आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. मी नंतर त्याच्याशी बोलले तेव्हा कळलं की त्याच्या हातात फक्त कार्यक्रमपत्रिका दिली होती. भाषणाच्या स्लाइड्स त्याला सभागृहात आल्यावर, पडद्यावरच दिसल्या. आंब्याच्या झाडाखाली तो कधी दोरी धरून उभा राहिलेला नव्हता. 'कॅनपी डायमीटर' हे दोन शब्द कानावर पडून तोंडातून मराठी निघेपर्यंत माणसाला दोन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात जो शब्द जिभेवर आला तो गेला. आणि 'घेर' हा काही परका शब्द नव्हे, बुंध्याचा घेर आपण रोजच म्हणतो. त्या दिवसापासून, आमच्या भागात असं दुभाषी सत्र असलं की आयोजकांना सांगून दुभाष्यासाठी आधी एक कागद तयार करण्याचं काम मी मागून घेते. शेतीच्या पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम मी करतच असते, त्यामुळे शब्द हाताशी असतात. पण शब्द हाताशी असणं आणि त्यांचा दुभाष्याला उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला बूथच्या आत बसून बघावं लागलं.

बूथ म्हणजे टेबलावर ठेवलेला तीन बाजूंनी बंद, समोर काच असलेला खोका. आत दोघांना जेमतेम कोपर टेकवता येतं. दोघंच का, तर एकट्यानं हे काम फार वेळ होत नाही. वीस ते तीस मिनिटांनी माईक दुसऱ्याकडे जातो आणि पहिला तेव्हा आकडे, नावं लिहून देत साथीला बसतो. लहान दिव्याचा उजेड असतो. माईक इतका तिखट की कागद उलटला तरी त्याची सळसळ सगळ्यांच्या कानात जाते. म्हणून माझा कागद पिन मारलेला नसतो, सुटा असतो, एकाच बाजूला छापलेला, अक्षर मोठं. शब्दांची अकारविल्हे यादी मी करत नाही. चालू भाषणात यादीत शोधायला वेळ कुणाकडे आहे? शब्द भाषणात ज्या क्रमानं येणार त्याच क्रमानं कागदावर लिहायचे, डावीकडे स्लाइडचा आकडा घालून. स्लाइड बदलली की नजर एक ओळ खाली सरकते, बास.

या वर्षीचं सत्र ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका शास्त्रज्ञांचं होतं. विषय तोच, मोहोर आणि पॅक्लोब्युट्राझोल. दुभाषी दोघी, एक पुण्याच्या, एक मुंबईच्या. शास्त्रज्ञांच्या स्लाइड्स आठवडाभर आधी मागितल्या, त्या आल्याही. त्या वाचायला बसले आणि पहिली गोष्ट शोधली ती व्यासाचं वाक्य. ते होतंच.

इथे मला लहानपण आठवलं. बाबा झाडांना खत घालायच्या आधी पसारा मोजायचे, तेव्हा दोरीचं एक टोक धरायचं काम माझं. फांदीचं शेवटचं पान जिथे संपतं त्याच्या बरोबर खाली उभं राहायचं, ओल्या पाल्यात पाय रुतवून, वरून पानांतलं पाणी मानेवर टपकत असताना. बाबा दोरी घेऊन बुंध्याला लागून समोरच्या टोकाला जायचे आणि ओरडायचे, "धर घट्ट, पुढे सरू नको!" मग आडवं मोजून झाल्यावर उभं. दोन्ही आकडे ते हाताच्या तळव्यावर बॉलपेननं लिहायचे. तेव्हा मला कुणी 'व्यास' विचारला असता तर मी भूमितीच्या वहीतलं वर्तुळ काढून दाखवलं असतं. झाडाखाली तो शब्द आम्ही कधी उच्चारला नाही.

म्हणून कागदावर मी 'डायमीटर – व्यास' एवढंच लिहीत नाही. अशा जागी पूर्ण वाक्य तयार करून देते. इंग्रजीत आकडा आधी येतो आणि व्यास सगळ्यात शेवटी: तीन मिल्स, दर मीटरला, कॅनपीच्या, डायमीटरच्या. मराठीत बरोबर उलटं. पसारा आधी, मग व्यास, मग मीटर, आकडा शेवटी. म्हणजे दुभाष्यानं तो तीन जिभेखाली धरून ठेवायचा, शेवटचा शब्द येईपर्यंत थांबायचं आणि मग उलटीकडून वाक्य बांधायचं. तेवढ्यात वक्ता पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. कागदावर मी चौकट आखून लिहिलं: 'झाडाचा पसारा एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, बुंध्यावरून सरळ मोजायचा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर, दोन्हींची सरासरी, त्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली.' खाली लहान अक्षरात, 'घेर नाही, गोल फिरून मोजणं नाही. ७ मीटरच्या झाडाला २१.' उदाहरणाचा आकडा मी मुद्दाम देते. बोलता बोलता दुभाष्याला शंका आलीच तर २१ बघून ती लगेच फिटते. आणि 'मिल्स' म्हणजे मिलीलिटर हेही लिहिलं, कारण ते बोलताना असंच आखडून म्हणतात.

पुण्याच्या ताईंचा फोन आला तो याच चौकटीवरून. मला वाटलं शब्द अडला असेल. त्यांनी विचारलं, "हे सांगताना ते हातानं काय दाखवतील? पडद्यावर वर्तुळ आहे का झाडाचं चित्र?" चित्र वरून काढलेलं होतं, आणि त्यात वर्तुळाभोवतीची रेघ ठळक लाल होती. म्हणजे वक्ता लेझर त्या रेघेवर गोल फिरवण्याची शक्यता होती, आणि डोळ्यांना घेर दिसत असताना कानाला व्यास सांगायचा होता. बागायतदार डोळ्यांवर विश्वास ठेवणार. त्याच संध्याकाळी शास्त्रज्ञांना लिहिलं. त्यांनी चित्रात बुंध्यातून जाणारी आडवी रेघ टाकली आणि बाहेरची फिकी केली. हा बदल काही माझ्या कागदातून झाला नाही. कागद वाचून दुभाषीनं जो प्रश्न विचारला त्यातून झाला. म्हणून तो सत्राच्या आदल्या रात्री पाठवण्यात अर्थ नसतो. तीन-चार दिवस आधी हातात पडला तर असा फोन येतो.

दुसरी चौकट होती 'नाही'ची. इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशीच असतो. आपल्याकडे तो पार शेवटी. 'कोवळ्या, अशक्त किंवा रोग असलेल्या झाडांना हे द्यायचं नाही.' यातलं शेवटचं 'नाही' गिळलं गेलं तर उरतं काय ते बघा. आणि शेवटच गिळला जातो, कारण वाक्याच्या शेवटी दुभाष्याचे कान पुढच्या वाक्यात गेलेले असतात. श्रोत्यांपैकी कुणी त्याच क्षणी शेजाऱ्याशी बोलायला यंत्र कानावरून सरकवतो, कुठे खोकला, कुठे पत्र्यावर सर. मी भाषणातली नकाराची सगळी वाक्यं शोधली आणि प्रत्येकापुढे मोठी फुली मारली. वाक्य कसं बोलायचं ते सांगणं माझं काम नव्हे. मुंबईच्या मॅडमनी नंतर मला दाखवलं की फुली दिसली की त्या सुरुवात अशी करतात: "हे टाळायचं आहे:" आणि मग बाकीचं वाक्य. नकार आधीच कानात पडलेला असतो, शेवट हरवला तरी चालतो. मराठी वाक्याला त्यांनी किती सहज वळवून घेतलं होतं! मी आता माझ्या पुस्तिकांतही धोक्याच्या सूचना तशाच लिहायला लागले आहे.

नावांची बाजू मला नेहमीच आवडते. माणसांची नावं तर घ्यायचीच: अध्यक्षांचं आडनाव आधी की नाव, कुणाला डॉक्टर लावायचं, देवगड हे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसलं तरी गाव एकच. पण या भाषणात खरी अडचण आंब्यांच्या नावांत होती. परदेशात ज्या जातींची लागवड होते त्यांतल्या बऱ्याच फ्लोरिडातल्या आहेत आणि त्यांना माणसांची नावं आहेत. हेडन, केंट, टॉमी अ‍ॅटकिन्स. ओळख नसलेल्या दुभाष्याला ते शास्त्रज्ञ वाटू शकतात आणि 'टॉमी अ‍ॅटकिन्स यांचं म्हणणं आहे' असं वाक्य जन्माला येतं. यातला हेडन आपल्या मलगोब्याचं रोप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून मलगोब्याची झाडं अमेरिकेत गेली, त्याच्या कोयीपासून १९०२ च्या सुमाराला कॅप्टन हेडन यांनी कोकोनट ग्रोव्हमध्ये लावलेलं हे झाड. पुढच्या कितीतरी लाल आंब्यांचा हा पूर्वज. दुभाषीला हा इतिहास लागत नाही, तरी मी एका वेगळ्या कागदावर तो लिहिला. वाचून नाव डोक्यात बसतं.

आणि मग कीट. इंग्रजीत त्याची अक्षरं वेगळी आहेत, पण आपल्या कानाला ते 'कीट' असंच ऐकू येतं. फ्लोरिडातलीच, हंगामाच्या शेवटी तयार होणारी जात. स्लाइडवर वाक्य होतं, कीट उशिरा येतो म्हणून बाजार मिळतो. आता मराठी बागायतदाराच्या कानात 'कीट उशिरा येतो' गेलं तर तो फवारणीचा पंप शोधेल. कीटकनाशकाच्या डब्यावर रोज वाचलेला शब्द तो. कागदावर लिहिलं: 'नेहमी "कीट जातीचा आंबा" असं पूर्ण. एकटं कीट कधीच नाही.' त्याच्या खाली आर-टू-ई-टू. ऑस्ट्रेलियातली ही जात. बोवेनच्या संशोधन केंद्रातल्या लागवडीत त्या झाडाची जागा ज्या खुणेनं नोंदली होती, ती खूणच नाव होऊन बसली. ऐकणाऱ्याला तो आकडा वाटतो, सूत्र वाटतं. दुभाषी आकडा ऐकला की तो घाईनं पकडायला धावतो आणि इथे पकडायचं काही नसतं. 'हे नाव आहे, भाषांतर नको, आकडा नको.'

याच रांगेत मी महिने घातले. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे. तिकडे मोहोर जून-जुलैच्या थंडीत, फळ डिसेंबरात. शास्त्रज्ञ महिन्यांची नावं घेणार आणि इकडे वह्यांत 'मार्च' लिहिलं जाणार. दुभाषीनं मनानं महिने फिरवणं धोक्याचं. ते तिनं करूच नये. मी एवढंच मागितलं की महिना आला की 'त्यांच्याकडे' हा शब्द जोडावा. शास्त्रज्ञांना मात्र विनंती केली की शक्य तिथे महिना न सांगता मोहोराआधी इतके दिवस असं सांगा. त्यांनी ते लगेच मानलं.

वेगाचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. शब्द लिहून देता येतात, श्वास कसा लिहून देणार. शास्त्रज्ञांची आधीची भाषणं इंटरनेटवर होती. त्यातला एक मिनिट लावून शब्द मोजले. मिनिटाला १२० च्या आसपास बोलणारा माणूस दुभाष्याला झेपतो. हे १५० च्या पुढे होते, आणि आकडे आले की वेग आणखी वाढत होता. बोलणारा आकडे पाठ झाल्यामुळे भराभर सांगतो आणि ऐकणाऱ्याला नेमके तेच पहिल्यांदा ऐकायचे असतात. हे मी कागदावर जसंच्या तसं लिहिलं, म्हणजे दोघींनी कोणत्या स्लाइडला माईक बदलायचा नाही ते आधी ठरवावं. मात्रेची स्लाइड चालू असताना अदलाबदल नको.

शास्त्रज्ञांसाठी वेगळं पत्र, अर्ध्या पानाचं. त्यात दोनच मागण्या. आकडा सांगितला की थांबा आणि तो पुन्हा सांगा. स्लाइड बदलण्याआधी मनात तीन मोजा, कारण तुमचं बोलणं संपलेलं असलं तरी श्रोत्यांच्या कानात ते अजून चालू आहे, आणि तुम्ही चित्र काढून घेतलंत तर ते शब्द दुसऱ्याच चित्रावर पडतील. 'हळू बोला' असं मी लिहीत नाही. सगळेच हो म्हणतात आणि दोन मिनिटांनी मूळ वेगावर येतात. त्यासाठी अध्यक्षांच्या हातात पिवळा कार्ड दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला जे खटले चालले तिथे एकाच वेळी चार भाषांत दुभाषी काम करत होते, आणि वक्त्यासमोर दिवे बसवले होते. पिवळा लागला की सावकाश, लाल लागला की थांब. आमच्याकडे दिवा नव्हता, लग्नपत्रिकेचा जाड पिवळा कागद होता. बूथमधून हात वर झाला की अध्यक्ष तो वक्त्याच्या समोर धरणार. शास्त्रज्ञांना हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांना अपमान वाटला नाही.

इथवरचा कागद एका दिशेचा, इंग्रजीतून मराठीकडे जाणारा. बरेच आयोजक इथेच थांबतात. पण प्रश्नोत्तरांत वारा फिरतो, आणि त्या बाजूचे शब्द पूर्ण वेगळे असतात. ते शास्त्रज्ञांच्या स्लाइडवर मिळत नाहीत. त्यासाठी मी बागेत, सोसायटीत, बाजारात जाऊन बसते. उलट्या दिशेच्या कागदावर पहिली ओळ होती 'कलम'. पुण्यामुंबईकडे कलम म्हणजे कायद्याचं किंवा रोपवाटिकेतलं. आमच्याकडे बागायतदार 'माझी दोनशे कलमं आहेत' म्हणतो तेव्हा तो दोनशे मोठ्या, फळत्या झाडांबद्दल बोलत असतो. इंग्रजीत नुसतं 'ग्राफ्ट्स' गेलं की शास्त्रज्ञ त्याला रोपवाटिकावाला समजून उत्तर देणार. दुसरी ओळ 'साका'. फळ बाहेरून सुंदर आणि आत पांढुरकं, आंबट, स्पंजासारखं निघतं तो. तिसरी 'सेटिंग', हा इंग्रजी शब्द आपण आपला करून घेतला आहे आणि त्याचा अर्थ फळधारणा एवढाच. मग वाटाणा, गोटी, या फळवाढीच्या पायऱ्या. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांसाठी मालवणी वाक्यंच लिहून दिली: 'मोहर इलो, पण धरूक नाय.' म्हणजे मोहोर आला, पण फळ धरलं नाही.

त्याच कागदावर एक ओळ होती जी लिहिताना मी बराच वेळ थांबले. 'निसर्ग'. दापोली-मंडणगडकडचा माणूस 'निसर्गात माझी अर्धी बाग गेली' म्हणाला की ते ३ जून २०२० चं चक्रीवादळ. इंग्रजीत 'नेचर' गेलं की वाक्य गोड होतं आणि अर्थ नाहीसा. त्या दिवशी दुपारी कोसळलेली झाडं मी पाहिली आहेत. मुळं आकाशाकडे, आणि पाल्यात जूनपर्यंत राहिलेले शेवटचे आंबे. त्यानंतर पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. ज्या माणसाला हे विचारायचं आहे की पडून पुन्हा उभ्या केलेल्या झाडाला हे औषध द्यावं का, त्याच्या प्रश्नाची सुरुवात या एका शब्दात आहे. तोच चुकला तर पुढचं कितीही नीट सांगितलं तरी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं मिळणार.

प्रश्नांबद्दल शास्त्रज्ञांनाही एक ओळ लिहिली होती. आमच्याकडे प्रश्न आधी गोष्ट सांगतो. वडिलांनी बाग कधी लावली, कुठल्या उतारावर, गेल्या वर्षी काय झालं, आणि क्रियापद आलं की मग प्रश्न. तेवढा वेळ तुमच्या कानात थोडी शांतता असेल, दुभाषी वाट बघत असतील. यंत्र बिघडलं असं समजू नका. आणि स्वयंसेवकांना सूचना, माईक हातात दिल्याशिवाय कुणाला बोलू द्यायचं नाही. बूथमध्ये फक्त माईकचाच आवाज पोचतो. सभागृहात खणखणीत बोलणारा माणूस त्यांना मुका दिसतो.

सत्र झालं. पिवळा कार्ड वर गेला तेव्हा शास्त्रज्ञ हसले, थांबले, पाणी प्यायले आणि पुढचा आकडा दोनदा सांगितला. मात्रेच्या स्लाइडला मी मुद्दाम मागच्या खुर्च्यांमध्ये जाऊन उभी राहिले आणि डोकावता येतील तेवढ्या वह्यांत डोकावले. 'टोकापासून टोकापर्यंत' असं काहींनी लिहिलं होतं, काहींनी झाडाचं चित्र काढून मधून रेघ मारली होती. मंडणगडच्या एका बागायतदारानं निसर्गाबद्दल विचारलंच. इंग्रजीत 'सायक्लोन निसर्ग' गेलं आणि शास्त्रज्ञांनी उलट विचारलं की झाडाची मुळं कुठल्या बाजूची तुटली होती, नवी फुटून किती वर्षं झाली. मुळं पूर्ण सावरेपर्यंत द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ते मराठीत येताना 'हे टाळायचं आहे' असंच सुरू झालं.

संध्याकाळी दोघी दुभाषींबरोबर बसून मी कागदावरून पुन्हा नजर फिरवली. कुठल्या ओळीला हात लागला नाही, ते त्यांनी खोडून दाखवलं. बुरशीनाशकांची नावं अख्खी गेली, कारण ती वक्त्यानं स्लाइडवर ठेवूनही उच्चारली नव्हती. मालवणी वाक्यं आणखी हवीत, असं पुण्याच्या ताई म्हणाल्या, आणि ती लिहून देण्यापेक्षा फोनवर बोलून ऐकवली तर जास्त बरं, कारण मालवणीचा हेल कागदावर कळत नाही. पुढच्या वेळी वेंगुर्ल्याच्या एका मावशींकडून ती बोलून घेऊन पाठवायचं ठरलं. एक शब्द मात्र निसटला होता. एका बागायतदारानं 'ही बाग मी खंडानं दिली आहे' म्हटलं आणि मुंबईच्या मॅडमना अर्धा सेकंद 'खंड' म्हणजे काय ते उमगेना. त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि संदर्भावरून भाडेपट्टा बरोबर पकडला. बाग खंडानं दिली असेल तर औषध कुणी घालायचं आणि पुढच्या वर्षी झाड थकलं तर नुकसान कुणाचं, हा त्या माणसाचा खरा प्रश्न होता. 'खंड' आता उलट्या दिशेच्या कागदावर 'कलम'च्या खाली, दुसऱ्या ओळीत जाईल.